लायटर टकटक करतो, पण ठिणगी पडत नाही? आधी फट बघा, मग पिएझोला दोष द्या

पावसाळ्यात आत्याकडे गेलो तेव्हा ती शेगडी पेटवायचा लायटर दाबून दाबून वैतागली होती. "सेल संपला वाटतं रे याचा," म्हणाली. पहिली चूक इथेच होते. या दट्ट्याच्या लायटरमध्ये सेल नसतो आणि गॅसही नसतो. दट्ट्या दाबला की आतली स्प्रिंग दाबली जाते, मग खटक्यातून सुटलेली छोटी हातोडी पिएझो सिरॅमिकच्या तुकड्यावर आपटते. त्या फटक्याने हजारो व्होल्टचा विजेचा दाब क्षणभर तयार होतो. तो मधल्या दांडीतून टोकाशी येतो आणि दांडी व बाहेरची नळी यांच्यातली हवा फोडून उडी मारतो. ती उडी म्हणजे ठिणगी.

म्हणून सगळ्यात आधी कान द्या. कडक 'टक' येत असेल तर हातोडी नीट चालते आहे. आवाज बसका असेल किंवा दट्ट्या मऊ लागत असेल, तर स्प्रिंग थकली आहे किंवा खटका झिजला आहे. मग टोकाशी कितीही खटपट करा, उपयोग नाही. दट्ट्या दाबलेलाच राहत असेल तर आत चिकट तेलकटपणा साचलेला असू शकतो. त्यावर खोबरेल किंवा शिलाईयंत्राचं तेल सोडू नका. तेलाला धूळ चिकटते आणि दट्ट्या आणखीच अडतो.

आत्याच्या लायटरचा 'टक' खणखणीत होता. तेव्हा रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडून थोडा वेळ जाऊ दिला (दाबताना बर्नरची चावी उघडीच राहिली होती, ही या सगळ्यातली खरी धोक्याची चूक), मग दिवा मालवून अंधारात लायटर दाबला. टोकाकडे बघायचं: ठिणगी टोकाला पडते, नळीच्या आत खोल कुठेतरी चमकते, की कुठेच दिसत नाही? आत चमकली किंवा हाताला झटका बसला, तर वीज वाटेतच गळते आहे. बहुधा ओल, काजळी, नाहीतर दांडीवरच्या प्लॅस्टिकला गेलेला तडा. काजळी हा कार्बनच, त्यातून वीज वाहते.

आत्याच्या लायटरमध्ये कुठेच काही दिसलं नाही. टॉर्च लावून टोकात पाहिलं तर मधली दांडी एका बाजूला झुकून नळीला टेकलेली! मागच्या आठवड्यात तो ओट्यावरून पडला होता, हे मग आठवलं. दांडी नळीला टेकली की उडी मारायला फटच उरत नाही, वीज गुपचूप नळीत उतरते. बारीक लाकडी काडीने दांडी हळूच मध्यावर आणली, चारी बाजूंनी साधारण ३-४ मिलिमीटर जागा ठेवली, आणि पहिल्याच दाबाला निळी ठिणगी तडकली.

इथे एक मोह होतो: ठिणगी कमजोर वाटली की दांडी नळीच्या आणखी जवळ वाकवायची. उलटं होतं. कोरड्या हवेत एक मिलिमीटर फोडायला ढोबळमानाने ३ हजार व्होल्ट लागतात. फट फारच कमी असेल तर दाब पुरेसा चढायच्या आतच वीज निसटते आणि ठिणगी बारीक, मलूल होते. फट फार वाढवली तर ती टोकाला पडतच नाही, आत कुठेतरी सोपी वाट शोधते. पक्कड लावू नका. दांडीभोवतीचं प्लॅस्टिक तडकलं की लायटर कायमचा गेला.

नळाखाली धुतल्यावर किंवा उकळत्या भांड्याच्या वाफेत धरल्यावर लायटर ओला होऊन बंद पडतो. तो टोक खाली करून पंख्याखाली रात्रभर ठेवा. आचेवर शेकवणं ही लाडकी पण घातक चूक. प्लॅस्टिक वितळतंच, शिवाय पिएझो सिरॅमिक खूप तापलं तर त्याचा गुण कायमचा जातो. शेगडी पेटल्यावर टोक ज्वाळेत रेंगाळू देण्याची सवयही वाईट, त्याने टोकाला काजळी साठते. साचलेली काजळी कोरड्या कापसाच्या बोळ्याने पुसा.

आता उरला पिएझो. 'टक' कडक, टोक स्वच्छ आणि कोरडं, दांडी मध्यावर, आणि अंधारात आत-बाहेर कुठेही चमक नाही, असं असेल तरच संशय त्याच्यावर घ्या. काही लायटरची मागची टोपी आट्यांची असते. ती उघडून पिएझोचा आणि दांडीचा संपर्क नीट टेकतो का, तेवढं बघा. तो टेकत असूनही ठिणगी नाही, तर सिरॅमिकला तडा गेला असावा. तो जुळवता येत नाही. नवा लायटर घ्या आणि तोवर काडेपेटी चालू द्या.