डाळ केव्हा संपते? पहिल्या ग्राहकांना आठवणीचा ई-मेल पाठवण्याविषयी

औसा तालुक्यातील आमच्या शेतातील तुरीची लातूरच्या मिलमध्ये डाळ करून घेऊन ती थेट घरोघरी विकण्यास मी सुरुवात केली, तेव्हा पहिले ग्राहक मिळाले ते पुण्यातील एका प्रदर्शनात. नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालेली मराठवाड्यातील कुटुंबे, गावाकडची डाळ म्हणून पाच-पाच किलोच्या पिशव्या घेऊन गेली. टेबलावर ठेवलेल्या वहीत त्यांनी नाव, फोन आणि ई-मेल लिहिला. घरी येऊन मी ते सारे पत्ते संगणकावर उतरवले आणि बरोबर पंधराव्या दिवशी सर्वांना "पुन्हा मागवा" असा ई-मेल पाठवला. मागणी एकही आली नाही. काही ई-मेल पत्ता चुकीचा म्हणून परत आले, कारण वहीतील अक्षर मला नीट लागलेले नव्हते. एका गृहस्थांनी मात्र उत्तर लिहिले : "ताई, घरात चार माणसं आहोत. पाच किलो डाळ पंधरा दिवसांत खायची तर तिन्ही वेळा वरणच प्यावं लागेल."

पुढे दोन वर्षे मी जे काही शिकले, ते बहुतेक या एका वाक्यातून शिकले. आठवणीचा निरोप त्रासदायक ठरतो तो भाषेमुळे क्वचित. बहुधा तो अवेळी आल्यामुळे ठरतो. म्हणून येथे मी मुख्यतः वेळ कशी ठरवावी हेच सांगणार आहे. त्याआधी यादीविषयी दोन गोष्टी सांगणे भाग आहे.

पहिली गोष्ट संमतीची. पावती पाठवण्यासाठी घेतलेला पत्ता आणि पुन्हा खरेदीची आठवण पाठवण्यासाठी घेतलेला पत्ता हे दोन वेगळे व्यवहार आहेत. प्रदर्शनातील वहीत लोकांनी पत्ता लिहिला तो कशासाठी, हे मी त्यांना सांगितलेच नव्हते. आता मागणीच्या अर्जात एक स्वतंत्र चौकट असते : "डाळ संपत येण्याच्या सुमारास मला ई-मेलने आठवण करावी." ती आधीपासून खूण केलेली नसते, ग्राहकाने स्वतः खूण करावी लागते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा संमती स्पष्ट, विशिष्ट हेतूसाठी आणि ग्राहकाच्या स्वतःच्या कृतीतून दिलेली असावी असे सांगतो, आणि ती मागे घेणेही देण्याइतकेच सोपे असावे असे सांगतो. कायदा बाजूला ठेवला तरी अशा चौकटीचा व्यवहारात फायदा आहे : यादी लहान होते, पण त्या यादीतील माणसाला निरोप कशाचा आहे हे आधीच ठाऊक असते. मोठ्या विक्री-संकेतस्थळांमार्फत आलेल्या ग्राहकांचे पत्ते या यादीत धरू नयेत. ते ग्राहक त्या संकेतस्थळाचे असतात, आणि त्यांच्याशी परस्पर संपर्क साधणे हे सहसा संकेतस्थळाने आपल्याशी केलेल्या कराराच्या विरुद्ध असते.

दुसरी गोष्ट पत्त्याची, म्हणजे आपल्या स्वतःच्या. मी सुरुवातीस ई-मेल पाठवण्याच्या एका सेवेत माझा नेहमीचा जीमेलचा पत्ता प्रेषक म्हणून घातला होता, आणि बरेचसे निरोप थेट स्पॅममध्ये गेले. कारण साधे आहे : ई-मेल जीमेलच्या नावाने निघतो, पण तो जीमेलच्या यंत्रणेतून आलेला नसतो, त्यामुळे स्वीकारणाऱ्या यंत्रणेला तो तोतया वाटतो. दुकानाच्या नावाचे स्वतंत्र डोमेन घेऊन त्यावर SPF, DKIM आणि DMARC या, ई-मेल खरोखर आपल्याच परवानगीने निघाला आहे हे पटवणाऱ्या, नोंदी कराव्या लागतात. सेवा देणारी संस्था त्या जशाच्या तशा पुरवते, आपण त्या डोमेनच्या DNS नोंदींच्या पानावर चिकटवायच्या असतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने प्रत्येक प्रेषकासाठी SPF किंवा DKIM आवश्यक केले आहे. दिवसाला ५,००० हून अधिक ई-मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी आणि एका टिचकीत यादीतून बाहेर पडण्याची सोय बंधनकारक आहे. आपण त्या आकड्याच्या जवळपासही नसतो, तरीही ही सोय ठेवावी. बाहेरचे दार सापडले नाही की माणूस स्पॅमचे बटण दाबतो. जीमेलने तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत ठेवण्यास सांगितले आहे, म्हणजे हजारात तीनही नाहीत. शंभर जणांच्या यादीत एकाने ते बटण दाबले, तरी त्या दिवशीचे प्रमाण एक टक्का होते.

आता वेळेविषयी. मी एका तक्त्यात प्रत्येक ग्राहकाची पहिली मागणी, दुसरी मागणी आणि मधले दिवस अशी नोंद ठेवू लागले. माझ्या आठवणीशिवाय, आपणहून दुसऱ्यांदा पाच किलो मागवणारे अकरा जण झाले, तेव्हा मधले दिवस असे होते : ३८, ४४, ४७, ५१, ५२, ५५, ५८, ६१, ६६, ९०, १४०. यांची सरासरी काढली तर सुमारे ६४ दिवस येते. परंतु ९० आणि १४० या दोन आकड्यांनी ती ओढून वर नेली आहे. पहिल्या आठ जणांची डाळ तर ६४ दिवस होण्याआधीच संपलेली होती. अशा वेळी सरासरी न घेता मधला आकडा घ्यावा, म्हणजे दिवस चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मध्यभागी येणारा. तक्त्यात तो असा मिळतो :

```
=MEDIAN(D2:D12)
```

येथे तो ५५ आला. पाच किलो डाळ ५५ दिवस, म्हणजे दिवसाला सुमारे ९० ग्रॅम. चौघांच्या घरात रोजचे वरण आणि अधूनमधून आमटी एवढाच तो हिशेब आहे, त्यामुळे आकड्यावर विश्वास बसला. निरोप मात्र ५५ व्या दिवशी पाठवून उपयोग नाही. लातूरहून पार्सल पोहोचण्यास चार-पाच दिवस लागतात आणि माणूस वाचल्या क्षणी मागणी करत नाही. म्हणून दहा दिवस वजा करून मी ४५ वा दिवस ठरवला. डबा तळाला लागलेला दिसतो, पण कोपऱ्यावरच्या दुकानातून अजून डाळ आणलेली नसते, अशी ही वेळ असते.

या हिशेबात एक मेख आहे. हे अकरा जण आपणहून परत आले होते. जे आले नाहीत त्यांच्याकडे डाळ कदाचित अधिक दिवस पुरत असेल आणि ते या आकड्यांत मुळीच दिसत नाहीत. म्हणून ४५ हा पहिला अंदाज समजावा आणि दर काही महिन्यांनी नव्या नोंदी धरून तो पुन्हा काढावा. तसेच एखाद्या ग्राहकाने तीनदा मागवले की त्याच्या घराचे स्वतःचे अंतर आपल्याला कळते. मग सर्वांचा आकडा सोडून त्याचाच आकडा वापरावा.

त्याहून मोठी चूक मी प्रमाणाच्या बाबतीत केली होती. आपल्याकडे वर्षाची बेगमी करणारी घरे अजून आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी डाळ आली की ती वीस-पंचवीस किलो घेऊन, उन्हे देऊन, डब्यांत भरून ठेवतात. अशा घराला ४५ व्या दिवशी "डाळ संपत आली असेल" असे लिहिणे म्हणजे आपण त्यांची मागणी वाचलीच नाही हे स्वतःच कबूल करणे होय. आता पंधरा किलोंच्या वरची मागणी वेगळ्या यादीत जाते आणि त्या यादीला वर्षातून एकदाच, नवी डाळ तयार झाल्यावर, निरोप जातो. वसमतची हळद मी नंतर विकण्यास घेतली. तिचेही असेच आहे. अर्धा किलो हळद घरात किती दिवस पुरते याला काही धरबंध नाही, त्यामुळे तिच्या बाबतीत दिवस मोजत न बसता हंगामच धरावा.

निरोप लिहिताना मी तो पावतीसारखा लिहिते. विषयाच्या ओळीत "२ जूनला मागवलेली पाच किलो तूरडाळ" एवढेच असते. आत मजकूर असा असतो :

"नमस्कार. आपण २ जूनला पाच किलो तूरडाळ मागवली होती. ती संपत आली असल्यास आज मागणी केल्यावर साधारण पाच दिवसांत पोहोचेल. आजचा दर व मागणीची जागा खाली दिली आहे. डाळ अजून पुरेशी असल्यास 'महिन्याने सांगा' यावर टिचकी मारावी. आठवण नकोच असल्यास 'आठवण बंद करा' यावर टिचकी मारावी; आपल्या पुढील मागण्यांवर त्याचा परिणाम होणार नाही."

यातील मधला पर्याय मी सर्वांत उशिरा घातला आणि तोच सर्वांत उपयोगी ठरला. तो नव्हता तेव्हा डब्यात डाळ असलेल्या माणसापुढे दुर्लक्ष करणे किंवा यादी सोडणे हे दोनच मार्ग उरत होते. शिवाय "महिन्याने" म्हणणारा ग्राहक त्याच्या घरातील खपाची माहितीच आपल्याला देत असतो. ज्यांच्याकडे असे दुवे बनवण्याची सोय नाही, त्यांनी "उत्तरात फक्त 'नंतर' असे लिहून पाठवावे" एवढी ओळ घालावी; साठ-सत्तर ग्राहकांपर्यंत हे हातानेही सांभाळता येते. सवलत मी आठवणीच्या निरोपात देत नाही. एकदा दिली होती. त्यानंतर काही नेहमीचे ग्राहक डाळ संपली तरी सवलतीचा ई-मेल येईपर्यंत थांबू लागले.

सर्वांत अधिक चीड आणणारी गोष्ट म्हणजे मागणी केल्यानंतर आलेली आठवण. माझ्याकडे हे वारंवार घडत असे, कारण निम्म्या मागण्या फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर येतात आणि ई-मेलच्या सेवेला त्यांचा पत्ताच नसतो. एका काकूंनी सोमवारी फोनवरून डाळ मागवली आणि गुरुवारी त्यांना "संपत आली असेल" असा निरोप गेला. त्यांना वाटले की मागणी नोंदलीच गेली नाही, म्हणून त्यांनी पुन्हा फोन केला. आता मागणी कोठूनही आली तरी ती त्याच दिवशी तक्त्यात चढते आणि आठवणीचा दिवस त्या तारखेपासून नव्याने मोजला जातो. निरोप पाठवण्याच्या दिवशी सकाळी मी यादी एकदा डोळ्यांखालून घालते.

परिणाम मोजताना किती जणांनी ई-मेल उघडला या आकड्याकडे पाहू नये. तो आकडा ई-मेलमधील चित्र उतरवले गेले की नाही यावरून काढला जातो. ॲपलच्या मेल ॲपमध्ये २०२१ पासून आलेल्या एका सोयीमुळे ई-मेलमधील चित्रे माणसाने न वाचताही आधीच उतरवली जातात, आणि न वाचलेला ई-मेलही उघडला म्हणून मोजला जातो. मी एका वेळी सम क्रमांकाच्या पावत्यांना निरोप पाठवला आणि विषम क्रमांकाच्या पावत्यांना पाठवला नाही. वीस-वीस जणांपैकी, साठाव्या दिवसापर्यंत, निरोप मिळालेल्यांतील नऊ जणांनी आणि न मिळालेल्यांतील पाच जणांनी पुन्हा मागवले. म्हणजे त्या नऊ मागण्यांचे सारे श्रेय निरोपाला नाही. पाच-एक जण तसेही आले असते. शिवाय वीस ही संख्या इतकी लहान आहे की चारचा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून मी तोच प्रयोग पुढच्या तुकड्यांवर चालू ठेवला आहे.

४५ व्या दिवशीच्या निरोपाला काहीच उत्तर आले नाही, तर ७० व्या दिवशी आणखी एक जातो आणि त्यानंतर थांबते. तो ग्राहक मग मार्चमधील नव्या डाळीच्या यादीत जातो, आणि लागोपाठ दोन मार्च महिन्यांत त्याने काही केले नाही, तर त्याचा पत्ता मी काढून टाकते. वरण पिण्याविषयी लिहिणाऱ्या त्या गृहस्थांनी आठवण कधीच बंद करून टाकली आहे. ते साधारण दोन महिन्यांनी फोन करतात आणि पाच किलो मागवतात.