या चुका टाळा: ग्रुपवरचे दुसऱ्यांचे फोटो आणि आवाज जपून ठेवताना

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातील आमच्या गावाचे जुने फोटो आणि म्हाताऱ्या माणसांचे आवाज मी गेली काही वर्षे व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांमधून गोळा करतो आहे. या कामात उत्साहाने उतरणारी तरुण मुले त्याच त्या चुका करतात आणि समजावून सांगितले की "सर, सगळे असंच करतात" असे उत्तर देतात. त्यांच्यावर मी चिडतो खरा. पण खाली सर्वांत आधी दिलेली चूक मी स्वतः केलेली आहे.

पाठवणाऱ्याला विचारले म्हणजे झाले, असे समजणे

2024 च्या वेळ अमावस्येला आमचे सगळे कुटुंब शेतात जमले होते. पूजा झाली, आंबील आणि भज्जीचे जेवण झाले आणि कडब्याच्या कोपीपाशी बसून आमच्या आत्याने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. चुलतभावाने फोन घोंगडीवर ठेवून व्हॉइस मेसेजचे रेकॉर्डिंग लॉक केले होते. ओव्या संपल्या, तरी ते बंद करायचे त्याच्या लक्षात राहिले नाही. संध्याकाळी त्याने ती चौदा मिनिटांची नोंद घरच्या ग्रुपवर टाकली. मी पहिल्या चार-पाच ओव्या ऐकल्या, मन भरून आले, भावाला "गावच्या ग्रुपवर टाकू का?" असे विचारले, त्याने अंगठा दाखवला आणि मी ती पुढे पाठवून दिली.

अकराव्या मिनिटानंतर ओव्या नव्हत्याच. तिथे आत्या तिच्या जावेला हळू आवाजात सांगत होती, की थोरल्या मुलाने जमिनीची वाटणी करताना तिला विचारलेसुद्धा नाही. गावच्या ग्रुपवर दोनशेच्या वर माणसे होती आणि त्यांत थोरल्या मुलाचा मेहुणाही होता. तासाभरात मला फोन आला, मी घाईने संदेश सर्वांसाठी डिलीट केला आणि माझ्या पडद्यावर तो दिसेनासा झाल्यामुळे मला हायसे वाटले. तोपर्यंत तिघांनी तो पुढे पाठवलेला होता. ती एक-एक प्रत आता स्वतंत्र संदेश होती; माझा संदेश पुसल्याने त्यांना काहीही होणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी आत्याकडे गेलो. ती रागावली नाही, त्यामुळे मला अधिकच ओशाळे वाटले. ती एवढेच म्हणाली, "ओव्या गावाला ऐकिवलास तर ऐकिव रे बाबा, पर माझ्या घरातलं कशाला ऐकिवलास?" थोरला मुलगा पुढे बरेच दिवस तिच्याकडे फिरकला नाही.

यात परवानगी घेतली नव्हती असे नाही. ती चुकीच्या माणसाची घेतली होती. चुलतभाऊ हा फोनचा मालक होता. आवाज आत्याचा होता, बोलणे आत्याचे होते आणि त्यात नाव आलेला मुलगा तर शेतात हजरही नव्हता. फोटोच्या बाबतीतही हेच लागू होते, कारण काढणारा, पाठवणारा आणि फोटोत असलेला ही बहुधा तीन वेगळी माणसे असतात. कायद्यात बसते ना, असे विचारणाऱ्यांसाठी सांगतो, की 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने एखाद्याने केलेला निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती वापर कक्षेबाहेरच ठेवलेला आहे. आत्याच्या घरी जाऊन विचारण्याचे काम तो आपल्या वतीने करणार नाही.

तेव्हापासूनची माझी सवय अशी आहे. कोणतीही नोंद मी कानात इअरफोन घालून शेवटच्या सेकंदापर्यंत ऐकतो आणि कोण बोलते, कोणाचे नाव येते, मागे काय ऐकू येते हे वहीत मिनिटांसह लिहितो. त्यानंतर बोलणाऱ्या व्यक्तीला ती नोंद प्रत्यक्ष ऐकवतो आणि मगच विचारतो: कोणाला ऐकवू, नाव सांगू की नको, आणि नंतर मन बदलले तर कोणाला कळवाल? ऐकवल्याशिवाय घेतलेल्या होकाराला मी होकार मानत नाही, कारण आपण काय बोलून गेलो हे सहा महिन्यांनी कोणालाही आठवत नसते. हे सगळे ग्रुपवर विचारू नये. चारचौघांसमोर विचारले की माणूस भिडेखातर हो म्हणतो, आणि ग्रुपवरची शांतता ही तर परवानगी नव्हेच.

फाईलच्या नावावरून तारीख ठरवणे

अँड्रॉइड फोनमध्ये `IMG-20240111-WA0007.jpg` असे नाव दिसले, की पोरे फोटोखाली 11 जानेवारी 2024 लिहून मोकळी होतात. ती तारीख तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आला किंवा गेला त्या दिवसाची असते, काढला त्या दिवसाची नव्हे. एका मुलाने 1993 च्या किल्लारी भूकंपानंतरच्या तंबूंचा फोटो अलीकडचा म्हणून पुढे पाठवला होता. त्यातली दोन माणसे आज हयात नाहीत आणि त्यांच्या घरच्यांना हा फोटो फिरतो आहे हे दुसऱ्यांकडून कळले. तारीख माहीत नसेल तर "अंदाजे" लिहावे आणि कोणी सांगितले तेही लिहावे.

फोटो "डॉक्युमेंट" म्हणून मागवून तसाच पुढे देणे

साधा पाठवलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅप दाबून लहान करते, म्हणून संग्रहासाठी मी स्वतःही डॉक्युमेंट म्हणून मूळ फाईल मागवतो. परंतु कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर त्या मूळ फाईलसोबत फोटो काढलेल्या जागेचे अक्षांश-रेखांशही येतात. शेतात एकट्याने राहणाऱ्या बाईच्या घराचा ठिकाणा असा न कळत दोनशे लोकांना जाऊ शकतो. मूळ फाईल माझ्याकडेच राहते. पुढे द्यायची झाली तर मी ती साधा फोटो म्हणून पाठवतो, म्हणजे ती माहिती गळून जाते.

बाकीच्या

गॅलरीत सगळे आपोआप उतरू देऊ नये. सेटिंग्ज, चॅट्स, मीडिया व्हिजिबिलिटी हे बंद करावे, नाहीतर ग्रुपवरचा फोटो घरातल्या पोराच्या हाती पडून त्याच्या स्टेटसवर चढतो. दवाखान्याच्या खाटेवरचा आणि अंत्यदर्शनाचा फोटो घरच्यांनी स्वतः दिला नसेल तर जपून ठेवायचाही नाही. शाळेतल्या मुलांच्या फोटोसाठी गुरुजींचा नव्हे, आईबापांचा होकार लागतो.

पूर्ण नोंद ठेवणे, कापलेली देणे

कापायचे म्हणून मूळ फाईलवरच कात्री चालवणारे मला सर्वांत अधीर वाटतात. मूळ जशीच्या तशी ठेवावी आणि वेगळी प्रत करावी. मी संगणकावर एवढेच करतो:

```
ffmpeg -i PTT-20240111-WA0009.opus -t 00:10:50 -c copy ovya.opus
```

यात पहिली दहा मिनिटे पन्नास सेकंद वेगळी निघतात आणि आवाज पुन्हा दाबला जात नाही. कापल्यानंतर शेवटचे अर्धे मिनिट पुन्हा ऐकावे, कारण ओवीच्या शेवटी कोणी मध्येच बोललेले असते.

ही कापलेली प्रत घेऊन मी आत्याकडे पुन्हा गेलो आणि सबंध ऐकवली. तिने एक ओवी चुकल्याचे सांगितले, तरी ती तशीच राहू द्यायला हरकत नाही म्हणाली. फक्त ओव्या आईकडून शिकल्या असल्यामुळे आधी आईच्या माहेरच्या गावाचे नाव सांगायचे, अशी तिची अट होती.