स्कोअरकार्डच्या फोटोवरून बॅटिंग सरासरी आणि स्ट्राइक रेट कसा काढावा

सोलापुरात पार्क मैदानावर किंवा एखाद्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत टेनिस बॉलची स्पर्धा झाली की स्कोअरबुकच्या पानांचे फोटो संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर येतात. मग पोरं विचारतात, "माझं ॲव्हरेज किती झालं?" उत्तर काढायला एक भागाकार पुरतो. पण कशाला कशाने भागायचं हे चुकतं, आणि त्याहून जास्त वेळा फोटोतला आकडाच चुकीचा वाचला जातो. म्हणून आधी फोटो.

फोटो असा हवा

वही सपाट ठेवून अगदी वरून फोटो काढा. तिरका काढला की शिवणीकडचा रकाना दबतो, आणि तो बहुतेकदा चेंडूंचा असतो. फक्त फलंदाजांची नावं घेऊन भागत नाही. खालच्या अवांतर धावा, एकूण धावसंख्या, पडलेल्या विकेट आणि टाकलेली षटकं हे सगळं चौकटीत आलं पाहिजे. पडताळा त्यावरच होतो. उन्हात घामेजल्या हाताने लिहिलेल्या पानावर 1 आणि 7, 5 आणि 9, 0 आणि 6 यांचा भरवसा धरू नका.

वाचलेला आकडा पडताळून घ्या

तिसऱ्या क्रमांकावर खेळणारा एक पोरगा घेऊ, त्याला पिंट्या म्हणू. त्याच्या सहा सामन्यांचे फोटो आपल्याकडे आहेत. चौथ्या सामन्यात तो नाबाद आहे, पण धावा 41 आहेत की 47 ते कळत नाही. शेजारी चौकार 5 आणि षटकार 4 स्वच्छ दिसतात. 20 अधिक 24, म्हणजे 44 धावा नुसत्या चौकार-षटकारांच्या झाल्या. 41 शक्यच नाही, 47च.

सहाव्या सामन्यात धावा 26 दिसतात, पण चेंडू 15 की 19? इथे षटकं कामाला येतात. संघाने पूर्ण 8 षटकं खेळली, म्हणजे 48 वैध चेंडू. नो-बॉल 2 आहेत. नो-बॉल हा फलंदाजाने खेळलेला चेंडू धरतात, वाइड धरत नाहीत. म्हणून सगळ्या फलंदाजांच्या चेंडूंची बेरीज 50 यायला हवी. बाकीच्या चौघांचे चेंडू 12, 8, 9 आणि 2, एकूण 31. उरले 19.

धावांचाही मेळ बसतो का बघा. बाकीच्यांच्या 17, 9, 14 आणि 3, पिंट्याच्या 26, अवांतर 8. बेरीज 77, आणि फलकावरही 77 आहे. बाय आणि लेगबायच्या धावा अवांतरात जातात, पण तो चेंडू फलंदाजाच्या खात्यावर पडतो. मेळ बसत नसेल तर आधी हीच जागा तपासा.

नाबादची खूण म्हणजे धावांशेजारची चांदणी. फोटोत शाईचा ठिपकाही तसाच दिसतो. शंका आली तर पडलेल्या विकेट मोजा. फलकावर 3 विकेट असतील आणि फलंदाजी केलेले पाच असतील, तर नाबाद दोनच असणार.

डाव आणि बाद वेगवेगळे मोजा

आता पिंट्याचा हिशेब असा दिसतो:

| सामना | धावा | चेंडू | निकाल |
|---|---|---|---|
| 1 | 34 | 21 | बाद |
| 2 | 18 | 9 | नाबाद |
| 3 | 0 | 1 | बाद (धावचीत) |
| 4 | 47 | 24 | नाबाद |
| 5 | – | – | फलंदाजी नाही |
| 6 | 26 | 19 | बाद |

पाचव्या सामन्यात त्याची पाळीच आली नाही, म्हणून तो डाव नाही. सामने सहा, डाव पाच. धावचीत झाला तो बाद, मग चूक पलीकडच्याची का असेना. दुखापतीमुळे मैदान सोडलं आणि परत आला नाही तर तो नाबाद धरतात. दुखापत किंवा आजारपण नसताना स्वतःहून निघून गेला आणि परत खेळला नाही तर नियमाने बाद.

सरासरी

एकूण धावांना बाद झाल्याच्या संख्येने भागायचं. डावांनी नाही, सामन्यांनी तर नाहीच. पिंट्याच्या धावा 125, बाद 3 वेळा, म्हणून सरासरी 41.67. पाच डावांनी भागलं असतं तर 25 आली असती.

नाबादचं हे गणित काहींना फुकटचा फायदा वाटतं. पण नाबाद डावातल्या धावा वर धरल्या आहेत आणि तो डाव संपलेला नाही, म्हणून खाली एक वाढवत नाहीत. सोलापुरात जन्मलेल्या पॉली उम्रीगर यांची कसोटी कारकीर्द बघा: 94 डाव, 8 वेळा नाबाद, 3631 धावा. भागायचं 86 ने, आणि सरासरी येते 42.22. 94 ने भागलं तर 38.63 येते, पण ती त्यांची सरासरी नव्हे. मात्र तीन-चार डावांत नाबाद जास्त असले की आकडा फुगतो. पिंट्याचे 18 नाबाद, 47 नाबाद आणि 26 एवढेच डाव धरले तर सरासरी 91 येते, त्याच्या सर्वोच्च धावसंख्येपेक्षाही जास्त. गणित बरोबरच आहे, पण त्यावरून संघ निवडू नये.

स्ट्राइक रेट

इथे बाद-नाबादचा काहीच संबंध नाही. एकूण धावा भागिले एकूण चेंडू, गुणिले 100. चेंडू 21, 9, 1, 24, 19 मिळून 74. 125 ला 74 ने भागून शंभराने गुणलं की 168.92.

फसगत होते ती प्रत्येक सामन्याचा स्ट्राइक रेट काढून त्यांची सरासरी घेतल्याने. ते पाच आकडे 161.90, 200, 0, 195.83 आणि 136.84. त्यांची सरासरी 138.91 येते. एका चेंडूवरच्या शून्याला 24 चेंडूंच्या खेळीएवढं वजन मिळालं, म्हणून तीस गुण गेले. कधीही आधी बेरजा, मग भागाकार.

मोबाइलवरच्या शीटमध्ये

वरचा तक्ता पहिल्या ओळीत शीर्षकं ठेवून जसाच्या तसा भरला, तर धावा B मध्ये, चेंडू C मध्ये आणि निकाल D मध्ये येतो. निकालात फक्त `बाद` किंवा `नाबाद` लिहा, धावचीतलाही `बाद`च.

```
=SUM(B2:B7)/COUNTIF(D2:D7,"बाद")
=SUM(B2:B7)/SUM(C2:C7)*100
```

धावांच्या रकान्यात चांदणी अजिबात लिहू नका. `18*` लिहिलं की शीट त्याला मजकूर समजते आणि बेरजेतून मुकाट्याने वगळते. पिंट्याच्या दोन्ही नाबाद खेळी अशा गळाल्या तर धावा 60 उरतात, सरासरी 20 आणि स्ट्राइक रेट 81.08. चूक झाल्याचा इशारा कुठेही येत नाही. म्हणून धावांची बेरीज एकदा बोटावर करून बघा.

खेळाडू एकदाही बाद झाला नसेल तर पहिलं सूत्र `#DIV/0!` दाखवतं. तिथे धावाच सरासरी म्हणून लिहू नका, शून्यही लिहू नका. रकान्यात आडवी रेघ मारा आणि शेजारी धावा, डाव आणि नाबाद लिहा.