आरएसए हाताने सोडवताना या चुका टाळा : नाशिकच्या पिनकोडवर एक पूर्ण उदाहरण

नाशिकमध्ये इंजिनिअरिंगच्या मुलांना नेटवर्क सिक्युरिटी शिकवताना आरएसए या पब्लिक की एन्क्रिप्शन पद्धतीचं गणित मी हमखास वहीवर करून घेतो. सूत्रं सगळ्यांना पाठ असतात, पण उत्तर चुकतं. चुकलं तरी नेमकं कुठे हे कळत नाही, कारण शेवटी येणारी संख्या बरोबर असो वा चूक, दिसायला सारखीच असते. म्हणून इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो आणि वाटेत जिथे जिथे पाय घसरतो तिथे थांबतो. संदेश आहे शहराचा पिनकोड, ४२२००१. तीन-तीन अंकांचे दोन तुकडे केले की ४२२ आणि ००१.

आधी संदेश बघा, मग n ठरवा

पहिली चूक प्रश्न हातात येताच होते. p = ११ आणि q = २३ या मूळ संख्या घेतल्या की त्यांचा गुणाकार n = २५३. पुढची सगळी आकडेमोड अगदी बिनचूक केली तरी ४२२ परत मिळत नाही, मिळतात १६९. कारण साधं आहे. सगळं काम n ने भागून उरलेल्या बाकीवर चालतं, आणि ४२२ ला २५३ ने भागलं की बाकी १६९ उरते. या पद्धतीला ४२२ आणि १६९ यांतला फरक दिसतच नाही. उत्तरात बरोबर n चा फरक पडला असेल तर गुणाकारात चूक शोधत बसू नका, संदेश n पेक्षा मोठा होता.

तीन अंकी कुठलाही तुकडा चालायला हवा असेल तर n हा ९९९ पेक्षा मोठा लागेल. आपल्याला मोठ्यातला मोठा तुकडा ४२२ चाच पाठवायचा आहे, म्हणून p = १७ आणि q = २९ घेऊ. n = ४९३, आणि p व q मधून एकेक वजा करून केलेला गुणाकार φ(n) = १६ × २८ = ४४८.

e मूळ संख्या असली म्हणजे झालं असं नाही

वहीत एन्क्रिप्शनचा घातांक म्हणून बहुतेक वेळा e = ७ दिसतं, कारण ७ ही मूळ संख्या आहे. पण ४४८ = ६४ × ७, म्हणजे ७ आणि ४४८ यांचा मसावि ७ आला. अशा e साठी डिक्रिप्शनचा घातांक d, म्हणजे e × d ला φ(n) ने भागल्यावर बाकी १ आणणारी संख्या, अस्तित्वातच नसतो. ७ च्या कुठल्याही पटीला ४४८ ने भागा, बाकी ७ च्याच पटीत येणार, १ कधीच येणार नाही. तेव्हा d सापडत नसेल तर आकडेमोड पुन्हा करण्याआधी मसावि तपासा. अट एवढीच आहे की e आणि φ(n) सहमूळ असावेत. आपण e = ५ घेऊ.

d काढताना: उणे चिन्ह आणि चुकीचा भाजक

सगळ्यात जास्त गुण इथे जातात, म्हणून पायऱ्या पूर्ण लिहितो. युक्लिडच्या पद्धतीने:

४४८ = ८९ × ५ + ३
५ = १ × ३ + २
३ = १ × २ + १

आता उलटं चढायचं. १ = ३ − २. इथे २ च्या जागी ५ − ३ ठेवलं की १ = २ × ३ − ५. मग ३ च्या जागी ४४८ − ८९ × ५ ठेवलं की १ = २ × ४४८ − १७९ × ५.

५ चा गुणक −१७९ आला. इथे काही जण उणे चिन्ह सोडून d = १७९ लिहितात. काही जण ऋण संख्या घालवायला हवी हे ओळखतात, पण तिच्यात ४९३ मिळवून ३१४ लिहितात. मिळवायचे असतात ४४८, कारण घातांकांचा हिशेब φ(n) वर चालतो, n वर नाही. ४४८ − १७९ = २६९, म्हणून d = २६९.

हीच गल्लत दुसऱ्या रूपातही येते. ५ × d ला ४९३ ने भागून बाकी १ आणली की d = २९६ मिळतो. २६९ आणि २९६ इतके सारखे दिसतात की तपासणाऱ्यालाही लिहिताना अंक उलटे पडलेत असं वाटावं. पण २९६ वापरून डिक्रिप्ट केलं तर ४२२ ऐवजी १५२ येतात.

d हातात आला की पुढे जाण्याआधी एक गुणाकार कराच. ५ × २६९ = १३४५, आणि १३४५ = ३ × ४४८ + १. बाकी १ आली, d बरोबर. १७९ घेतला असता तर बाकी ४४७ आली असती. बाकी φ(n) पेक्षा बरोबर एकने कमी आली की समजावं, उणे चिन्ह वाटेत हरवलं.

पब्लिक की झाली (५, ४९३), प्रायव्हेट की २६९.

घात आधी आणि बाकी नंतर, असं करू नका

एन्क्रिप्शन म्हणजे ४२२ चा पाचवा घात आणि त्याची ४९३ ने भागून उरणारी बाकी. कॅल्क्युलेटरवर थेट ४२२ चा पाचवा घात काढला तर उत्तर चौदा अंकी येतं. दहा अंक दाखवणारा कॅल्क्युलेटर शेवटचे अंक दाखवत नाही, आणि बाकी तर त्या अंकांवरही अवलंबून असते. म्हणून प्रत्येक पायरीला बाकी घ्यायची. संख्या अर्ध्याहून मोठी असली तर ती ऋण करून घ्या, काम फार हलकं होतं. ४२२ म्हणजे ४२२ − ४९३ = −७१.

७१ चा वर्ग ५०४१, बाकी १११.
१११ चा वर्ग १२३२१, बाकी ४८९, म्हणजेच −४. हा चौथा घात.
(−४) × (−७१) = २८४.

सांकेतिक संख्या २८४. आता उलट बाजूने २८४ चा २६९ वा घात. ही संख्या पूर्ण लिहायची तर ६६० अंक लागतील. सी भाषेतल्या `pow()` ला ती दिली तर डबलमध्ये मावत नाही आणि `inf` मिळतं. आपण मात्र २६९ = २५६ + ८ + ४ + १ असं फोडू आणि फक्त वर्ग करत जाऊ.

घात १ : २८४
घात २ : −१९६
घात ४ : −३८
घात ८ : −३५
घात १६ : २३९
घात ३२ : −६७
घात ६४ : ५२
घात १२८ : २३९
घात २५६ : −६७

लागणारे चारच घ्यायचे. (−६७) × (−३५) = २३४५, म्हणजे −१२०. (−१२०) × (−३८) = ४५६०, म्हणजे १२३. १२३ × २८४ = ३४९३२, आणि बाकी ४२२. संदेश परत आला.

वहीतलं उत्तर ताडून बघायला पायथॉनच्या तीन ओळी पुरतात. पहिल्या ओळीला ३.८ किंवा नंतरची आवृत्ती लागते.

```python
pow(5, -1, 448)      # 269
pow(422, 5, 493)     # 284
pow(284, 269, 493)   # 422
```

दुसरा तुकडा काय सांगतो

००१ म्हणजे १, आणि १ चा कुठलाही घात १ च. तुकडा जसा होता तसाच बाहेर पडला. शिवाय डिक्रिप्ट करून मिळालेला १ सरळ चिकटवला तर पिनकोड ४२२१ होतो. पुढचे शून्य परत लावायचे हे दोन्ही बाजूंनी आधी ठरवलेलं हवं.

याहून गंभीर गोष्ट नाशिकरोडचा पिनकोड ४२२१०१ पाठवला की दिसते. त्याचे आकडे येतात २८४ आणि १३५. पहिला तुकडा दोन्हीकडे २८४! पब्लिक की सगळ्यांकडे असते, त्यामुळे कोणीही स्वतः ४२२ एन्क्रिप्ट करून २८४ मिळवेल आणि काहीही न फोडता सांगेल की पत्ता नाशिककडचा आहे. परीक्षेतलं आरएसए आणि वापरातलं आरएसए यांत हा मोठा फरक आहे. प्रत्यक्षात एन्क्रिप्ट करण्याआधी संदेशात यादृच्छिक भर घालतात, ओएईपी ही त्याची प्रमाणित रीत. ती नसेल तर अवयव पाडणं कितीही कठीण असलं तरी उपयोग नाही.

‘अवयव पाडता येत नाहीत’ एवढंच लिहून थांबू नका

आरएसए सुरक्षित का, या प्रश्नाला उत्तरपत्रिकेत हे वाक्य असतं, पण अवयव मिळाले तर नेमकं काय होतं हे नसतं. ४९३ आणि ५ सगळ्यांना माहीत आहेत. d काढायला ४४८ लागतात, आणि ४४८ काढायला १७ आणि २९. उलटही खरं आहे. कोणाला φ(n) कळला तर p + q = ४९३ − ४४८ + १ = ४६, आणि x² − ४६x + ४९३ = ० या वर्गसमीकरणाची मुळं १७ आणि २९ येतात. म्हणून काम झाल्यावर p, q आणि φ(n) तिन्ही गुप्तच राहायला हवेत. ‘φ(n) उघड केला तरी चालेल’ हे विधान चूक आहे.

आपला n फोडायला किती वेळ लागतो? ४९३ चं वर्गमूळ २२ च्या जरा पुढे आहे. २, ३, ५, ७, ११, १३ ने भाग जात नाही, १७ ने जातो. सातव्या भागाकारात कुलूप उघडलं. त्याहूनही लवकर उघडतं: वर्गमूळाच्या वरचा पूर्णांक २३, त्याचा वर्ग ५२९, आणि ५२९ − ४९३ = ३६, म्हणजे ६ चा वर्ग. म्हणून अवयव २३ − ६ आणि २३ + ६. एका पायरीत! ही फर्माची पद्धत p आणि q जवळजवळ असले की चालते, मग ते शेकडो अंकी का असेनात. जवळपासच्या मूळ संख्या निवडणं ही खऱ्या की बनवतानाचीही चूक आहे.

मूळ संख्या मोठ्या आणि एकमेकींपासून लांब असल्या की चित्र पालटतं. २०४८ बिटांचा n ६१७ अंकी असतो आणि p, q प्रत्येकी सुमारे ३०९ अंकी. त्यांचा गुणाकार संगणक डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो. उलट एकेका संख्येने भागून बघायचं ठरवलं, तर सेकंदाला अब्ज गुणिले अब्ज भागाकार करूनही लागणारी वर्षं लिहायला २५० हून अधिक अंक लागतील. अर्थात हल्ला करणारा असा भागत बसत नाही, त्याच्याकडे नंबर फील्ड सीव्हसारख्या कितीतरी चांगल्या पद्धती असतात. खरा अंदाज त्यांच्यावरूनच बांधायचा. १९७७ मध्ये आव्हान म्हणून दिलेली १२९ अंकी संख्या १९९४ मध्ये सुमारे ६०० स्वयंसेवकांनी संगणक जोडून फोडली. २५० अंकी, म्हणजे ८२९ बिटांची संख्या फेब्रुवारी २०२० मध्ये फुटली, आणि त्यासाठी एका प्रोसेसर कोअरची सुमारे २७०० वर्षं भरतील इतकं काम लागलं. अंक वाढले तसं काम झपाट्याने वाढतं, आणि २०४८ बिटांचा भरवसा या वाढीवर टिकून आहे.

त्या भरवशाची मर्यादाही उत्तरात लिहावी. अवयव पाडणं कठीणच आहे असं आजवर कोणी सिद्ध केलेलं नाही. अवयव न पाडता आरएसए मोडताच येणार नाही, हेही सिद्ध झालेलं नाही. आणि पीटर शोर यांनी १९९४ मध्ये मांडलेली पद्धत पुरेशा मोठ्या क्वांटम संगणकावर चालली, तर २०४८ बिटांचा n सुद्धा फुटेल.