स्पर्धकांच्या कॉमेंटमध्ये सापडलेली रिकामी जागा

घरगुती शिलाई मशीन बनवणाऱ्या एका कंपनीचं सोशल मीडिया खातं माझ्याकडे आलं, तेव्हा पहिलं काम होतं स्पर्धकांची पाहणी. मी चार खाती आठवडाभर चाळली, सगळ्यात जास्त लाइक असलेल्या पोस्ट वेगळ्या काढल्या आणि त्यातल्या एका रीलसारखंच रील आम्ही केलं. जुन्या साडीचा ड्रेस, आधी आणि नंतर. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी खाली लिहिलं, की हे अमक्या कंपनीच्या पेजवर पाहिलंय. मी रील काढून टाकलं. चांगलं काय चाललंय हे मी शोधलं होतं, पण लोकांना काय मिळत नाहीये हे शोधलंच नव्हतं. ही दोन कामं वेगळी आहेत. दुसरं काम मी पुढे कसं केलं, ते या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी इथे सांगते.

दुसऱ्या वेळी मी पाच खाती घेतली. तीन थेट स्पर्धक, चौथं आमच्यापेक्षा खूप मोठ्या कंपनीचं, आणि पाचवं मशीन विकत नसलेल्या पण शिवण शिकवणाऱ्या एका खात्याचं. हे पाचवं जरूर घ्या. ग्राहकाचा वेळ फक्त आपल्यासारख्या कंपन्याच घेतात असं नाही, आणि विक्रीचा हेतू नसलेल्या ठिकाणी माणसं जास्त मोकळेपणाने प्रश्न विचारतात.

मुदत ठेवली ९० दिवसांची. पाचही खात्यांच्या मिळून २१२ पोस्ट झाल्या. त्या मी हाताने नोंदवल्या, प्रत्येक खात्याला वेगळी शीट करून. आपोआप माहिती ओढणारी साधनं बहुतेक प्लॅटफॉर्मच्या नियमांत बसत नाहीत, आणि तसंही हाताने नोंदवताना पोस्ट खरोखर वाचली जाते. रकाने थोडेच होते: तारीख, प्रकार, विषय, ही पोस्ट कुठल्या प्रश्नाचं उत्तर देते, लाइक, कॉमेंट, आणि कॉमेंटमध्ये उत्तराविना राहिलेला प्रश्न. शेवटच्या रकान्यात प्रश्न जसा लिहिलाय तसाच उतरवायचा, विचारणाऱ्याचं नाव मात्र घ्यायचं नाही.

आकड्यांची तुलना करताना नवखा माणूस हमखास फसतो. मोठ्या खात्याच्या पोस्टला ९६० लाइक आणि छोट्या खात्याच्या पोस्टला २७० असतील, तर डोळा ९६० वरच जातो. पण मोठ्या खात्याची नेहमीची पोस्ट २४० लाइकची होती, म्हणजे ती चौपट चालली. छोट्याची नेहमीची ६० लाइकची होती, म्हणजे ती साडेचारपट चालली. म्हणून प्रत्येक पोस्ट तिच्याच खात्याच्या मध्यकाशी ताडून पाहायची. सरासरी घेऊ नका, कारण बक्षिसाची एक पोस्ट, ‘तीन मैत्रिणींना टॅग करा’ छापाची, अख्खी सरासरी वर ओढते. ४० पोस्टच्या शीटमध्ये लाइक E रकान्यात असतील तर सूत्र एवढंच:

```
=E2/MEDIAN(E$2:E$41)
```

तरीही हा आकडा जपून वाचावा लागतो. मोठ्या खात्याचं टाक्यांचे प्रकार दाखवणारं एक रील सहापट चाललेलं दिसत होतं. मेटाच्या अ‍ॅड लायब्ररीत शोधलं, तर तेच रील जाहिरात म्हणून चालू होतं. ते पैशाने पसरवलेलं होतं, त्यामुळे विषय चालला की पैसा, हे बाहेरून सांगता येत नाही. असं रील तुलनेतून बाजूला काढायचं. दोन खात्यांनी मिळून टाकलेल्या पोस्टचंही तेच करायचं, कारण तिथे दोन्हीकडचे प्रेक्षक एकत्र मोजले जातात. शिवाय दुसऱ्याच्या पोस्टची पोच किंवा ती कितींनी सेव्ह केली हे आपल्याला दिसत नाही. शिकवणाऱ्या पोस्टला लाइक थोडे पडतात आणि सेव्ह जास्त होतात, म्हणून अशी पोस्ट बाहेरून पडल्यासारखी दिसली तरी ती पडलीच आहे असं धरू नका.

मग वर्गवारी. नमुने आणि प्रेरणा, मशीनची वैशिष्ट्यं आणि ऑफर, प्राथमिक शिकवणी, बिघाड आणि अडचणी, असे चार गट केले. प्रत्येक गटाची एका ओळीची व्याख्या आधी लिहून ठेवली. आठवड्याने त्यातल्या २० पोस्ट जुनी नोंद न बघता पुन्हा वर्गात टाकल्या. पाच पोस्टचा वर्ग बदलला. ‘सुई कशी बदलावी’ ही शिकवणी की अडचण, यावर मीच दोनदा दोन निर्णय घेतले होते. व्याख्या सुधारून सगळी मोजणी परत केली. हा कंटाळा टाळला असता, तर पुढचा निष्कर्ष माझ्या मनाच्या कलाने निघाला असता.

२१२ पैकी ११८ पोस्ट नमुन्यांच्या निघाल्या, ६१ वैशिष्ट्यं आणि ऑफरच्या, २४ शिकवणीच्या, आणि अडचणींवर फक्त ९. आता कॉमेंट बघा. किंमत आणि पत्ता विचारणारे प्रश्न वगळले (त्यांची जागा प्रोफाइलवर असते, त्यासाठी पोस्ट लागत नाही), तर ३४० प्रश्न उरले आणि त्यातले १३१ अडचणींचे होते. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच, वेगवेगळ्या शब्दांत: ‘खालून जाळं होतंय’, ‘मागच्या बाजूला धाग्याचा गोळा जमतो’, ‘बॉबिन नवीन घातली तरी तेच’. नव्या ड्रेसच्या सुंदर रीलखाली कुणीतरी हे विचारलेलं असायचं आणि उत्तर असायचं, ‘कृपया मेसेज करा’.

पण रिकामा रकाना दिसला म्हणजे संधी सापडली असं समजू नका. चामडं शिवण्यावर पाचही खात्यांवर एकही पोस्ट नव्हती, आणि एकही प्रश्न नव्हता. तिथे कुणी नसण्याचं कारण साधं होतं, कुणालाच ते नको होतं. म्हणून रिकाम्या जागेला मी तीन प्रश्न विचारते. लोक हे खरंच विचारतात का, आणि कॉमेंटखेरीज आणखी कुठे विचारतात? स्पर्धकांनी ही जागा का सोडली असेल? आणि आपल्याकडे या विषयात असं काय आहे, जे त्यांच्या पोस्टमधून उचलावं लागणार नाही?

पहिल्याचं उत्तर आमच्या ग्राहक सेवेच्या नोंदवहीत मिळालं. धाग्याच्या गुंत्याची तक्रार तिथेही वरच्या क्रमांकावर होती. दुसऱ्याचं उत्तर आमच्याच बैठकीत कळलं. विक्रीचे साहेब म्हणाले, “आपल्याच मशीनचे दोष आपण कशाला दाखवायचे?” बाकीच्या कंपन्यांमध्येही बहुधा हेच वाक्य कुणीतरी म्हटलं असणार. तिसऱ्याचं उत्तर दुरुस्ती विभागातल्या जुन्या मेकॅनिककाकांनी दिलं, आणि त्याने साहेबांचीही शंका फिटली.

काका म्हणाले, “ताई, यातल्या बहुतेक मशीनमध्ये दोषच नसतो. गोळा खाली दिसतो म्हणून लोक बॉबिनशी झटापट करतात, पण चूक वर असते. धागा ओवताना प्रेसर फूट खाली असेल तर टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात. धागा त्यांच्यामध्ये बसतच नाही, वरचा धागा सैल राहतो आणि खाली गोळा होतो.” मग त्यांनी तपासायची रीत दाखवली. फूट वर करून धागा ओवायचा, सुईत धागा घालण्याआधी फूट खाली करायचा आणि धागा हाताने ओढून बघायचा. ओढताना अडल्यासारखं वाटलं तर धागा नीट बसलाय. सुळकन आला तर पुन्हा ओवायचा.

आता नक्कल टाळण्याबद्दल. तो नुसता चांगल्या हेतूने टळणारा दोष नाही, कामाची पद्धतच तशी लावावी लागते. आठवडाभर दुसऱ्यांच्या पोस्ट पाहिल्या की त्यांची चाल हातात बसते, आणि लिहिताना ती आपलीच वाटते. म्हणून पाहणीतून पुढे फक्त प्रश्न जातो. मी रील करणाऱ्या सहकाऱ्याला एक पान देते. त्यावर लोकांच्या शब्दांतला प्रश्न, काकांचं उत्तर, आणि पाहणाऱ्याला शेवटी काय जमलं पाहिजे, एवढंच असतं. स्पर्धकाच्या पोस्टची लिंक नाही, स्क्रीनशॉट नाही, ‘असं काहीतरी’ हे शब्दही नाहीत. त्या नऊ पोस्टपैकी एक याच गुंत्यावर होती, अर्ध्या मिनिटात पाच उपाय सांगणारी. सहकाऱ्याने ती पाहिलेलीच नव्हती. त्याने वरचं झाकण काढून कॅमेरा थेट चकत्यांवर लावला आणि एकच कारण दाखवलं: फूट खाली असताना धागा बाहेर कसा राहतो, वर असताना आत कसा जातो.

रील तयार झाल्यावर मात्र ते स्पर्धकाच्या पोस्टशेजारी ठेवून मी तपासते. पहिलं वाक्य, मुद्द्यांचा क्रम, उदाहरण, कॅमेऱ्याची जागा, मजकुराची मांडणी. विषय सारखा असणं चालतं, धाग्याचा गुंता कुणाच्या मालकीचा नाही. पण या पाचातल्या दोन गोष्टी जुळल्या तरी आम्ही ते नव्याने करतो. एकदा क्रम आणि उदाहरण दोन्ही जुळलं होतं, निव्वळ योगायोगाने. तरीही बदललं, कारण पाहणाऱ्याला योगायोग दिसत नसतो.

अडचणींवर सहा आठवड्यांत सहा पोस्ट टाकल्या. गुंत्याच्या रीलला लाइक आमच्या मध्यकापेक्षा कमी पडले, पण सेव्ह नेहमीच्या कितीतरी पट झाले आणि खाली लोक ‘झालं एकदाचं नीट’ असं लिहू लागले. सहापैकी एक पोस्ट साफ पडली, सुयांच्या क्रमांकांची. आम्ही ९०/१४ म्हणजे काय, ७०/१० म्हणजे काय, असा तक्ता दिला होता. पुन्हा शीट उघडून मूळ प्रश्न वाचले, तेव्हा कारण कळलं. कुणीच क्रमांकाचा अर्थ विचारला नव्हता. ‘टी-शर्टचं कापड शिवताना टाके सुटतात’ असं ते म्हणत होते. वर्गात टाकताना मी त्याला ‘सुईची माहिती’ असं नाव दिलं आणि प्रश्नच हरवला. नवी पोस्ट ताणणाऱ्या कापडावर केली: सुटलेले टाके आधी दाखवले, मग गोल टोकाची बॉलपॉइंट सुई लावून तीच शिवण पुन्हा घातली. ती चालली.

तीन महिन्यांनी परत मोजणी केली तेव्हा दोन स्पर्धकांनी गुंत्यावर रील टाकलेली होती. ती जागा आता पूर्वीसारखी रिकामी नाही. त्यांच्या रीलखालचे प्रश्न मी सध्या उतरवून घेते आहे. बरेच जण लिहितात, की सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, तरी जाड कापडाच्या शिवणीवर मशीन अडतंच. पुढचं पान घेऊन काकांकडे मी सोमवारी जाणार आहे.