फिजिओथेरपिस्टला पहिल्या भेटीत द्यायचं एक पान: दुखरा खांदा

‘खांदा दुखतोय, खूप दिवस झाले’ एवढंच सांगितलं, की पहिली भेट प्रश्नोत्तरांत जाते आणि नेमकी गोष्ट घरी आल्यावर आठवते. माझ्या मावशीला (वय 54) न्यायच्या आदल्या रात्री आम्ही एक पान लिहून काढलं. ते असं.

१. सुरुवात. कधी, कशाने, आधी काय झालं. ‘दिवाळीनंतर हळूहळू. पडणं-लागणं नाही. आधी रात्री ठणका, दोन महिन्यांनी हात अडकू लागला.’ दुखणं आधी की आखडणं आधी, हा क्रम जरूर लिहा. खाली औषधं, इंजेक्शन आणि एक्स-रे तारखांसह. मावशी मधुमेह लिहीतच नव्हती, ‘खांद्याचा काय संबंध?’ म्हणून. संबंध आहे: मधुमेहींमध्ये फ्रोजन शोल्डर, म्हणजे खांदा दुखून आखडण्याचा आजार, जास्त आढळतो. मात्र शेजारणीने केलेलं निदान पानावर नको.

२. कशाने दुखतं. पानाचा निम्मा भाग इथेच द्या. प्रत्येक हालचालीपुढे दुखणं किती वेळाने सुरू होतं आणि थांबायला किती वेळ लागतो, हे लिहा.

‘वरच्या फळीवरचा डबा काढताना लगेच कळ, हात खाली घेतला की दोन मिनिटांत थांबते.’
‘कणीक मळताना दहा मिनिटांनी ठणका, मग दोन तास राहतो.’
‘उजव्या कुशीवर झोपलं की तीनच्या सुमारास जाग.’

पहिल्या ओळीतलं दुखणं लगेच निवतं. दुसऱ्या ओळीवरून कळतं, की खांदा एकदा चिडला की लवकर शांत होत नाही; मग पहिल्याच दिवशी जोरात ताणायचं नाही, हे फिजिओ ठरवू शकतो.

आणखी एक नोंद: आडवं पडून दुखरा हात दुसऱ्या हाताने अलगद वर न्या. आधारानेही अडला तर सांधा आखडलेला असू शकतो. आधाराने जातो पण आपला आपण उठत नाही, तर स्नायूंकडे किंवा त्यांना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांकडे बघावं लागतं. जोर लावू नका. मुंग्या बोटांपर्यंत जात असतील तर मान वळवल्यावर त्या बदलतात का, तेही लिहा. मूळ मानेत असू शकतं.

ताप येऊन सांधा गरम-सुजलेला असेल, पडल्यावर हात उचलताच येत नसेल, तर आधी डॉक्टर. छातीत दुखून खांद्यात कळ येत असेल तर थेट दवाखाना, तोही लगेच.

३. काय जमायला हवं. ‘बरं व्हायचंय’ याचं मोजमाप होत नाही. तीन कामं निवडून प्रत्येकाला गुण द्या: 0 म्हणजे अजिबात जमत नाही, 10 म्हणजे पूर्वीसारखं. मावशीचं: वेणी घालणं 2, मागचे हुक लावणं 0, वरचा डबा काढणं 3.

पाच आठवड्यांनी तेच पान पुन्हा काढलं. वेणी 5 वर आली होती, हुक मात्र 0 वरच. त्यावरून पाठीमागे हात नेण्याचा व्यायाम बदलला.