विसर्जन घाटावरच्या स्वयंसेवकांची ब्रीफिंग कधी ठेवायची आणि कोण खरंच आलं ते कसं तपासायचं

अनंत चतुर्दशीला घाटावर उभं राहायला पोरं मिळतात हो, तो प्रश्नच नाही, प्रश्न असतो की त्यातल्या किती जणांना माहितीये आपण नक्की काय करायचंय. निर्माल्य कलशात काय टाकायचं आणि काय बाजूला काढायचं, मूर्ती कुणाच्या हातात द्यायची, पाण्यात कुणी उतरायचं (आपण नाही, फक्त जीवरक्षक), लहान मूल हरवलं तर कुठे न्यायचं. एवढं सांगायला पाऊण तास पुरतो. अवघड काम वेगळंच आहे, सगळ्यांना त्या पाऊण तासात एकत्र आणणं आणि ते खरंच आले होते का हे आदल्या दिवसापर्यंत कळणं. २०२५ ला आम्ही हे कसं केलं तेच सांगते, आकडे आमच्या एका घाटाचे आहेत.

आधी कॅलेंडर, मग तारीख

दरवर्षी सगळे रविवार पकडतात आणि तिथेच फसतात. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबर, शनिवारी. मधला एकमेव रविवार ३१ ऑगस्ट, आणि नेमक्या त्याच दिवशी गौरी आवाहन! पुढचे दोन दिवस पूजन आणि विसर्जन. म्हणजे ज्यांच्या घरी गौरी आहेत त्या मुली-बायका ३१ ते २ काही येत नाहीत, आणि आमच्याकडे अर्ध्या स्वयंसेवक बायकाच. त्याच्या आधीचा एक रविवार १७ ऑगस्ट, पण १५ ला सुट्टी, १६ ला दहीहंडी, म्हणजे लोक एकतर गावाला नाहीतर गोविंदा पथकात.

म्हणून आम्ही असं ठरवलं: पहिलं सेशन २४ ऑगस्ट, रविवार सकाळी १० वाजता (दुपारी सगळे मखर आणायला बाहेर पडतात), दुसरं ३ सप्टेंबर, बुधवारी संध्याकाळी साडेसातला, आणि तिसरं ४ तारखेला थेट घाटावर, राहिलेल्यांसाठी. हे तिसरं पहिल्या दोनच्या वेळी जाहीर करायचं नाही, नाहीतर सगळे तिथेच ढकलतात. तिथी दरवर्षी सरकते त्यामुळे आमच्या तारखा कॉपी करू नका, आपलं कॅलेंडर घेऊन गौरींचे तीन दिवस आणि त्या महिन्यातल्या सलग सुट्ट्या आधी खोडा आणि उरलेल्यात बसवा.

आणखी एक, "कुणाला कधी जमेल" असा ग्रुपवर पोल टाकू नका. सहा पर्याय दिले की सहा ठिकाणी मतं पडतात. दोनच तारखा द्या आणि प्रत्येकाला एक निवडायला लावा.

यादी एकच, आणि फोन नंबर हीच ओळख

नावावर विसंबू नका. आमच्याकडे तीन स्नेहल होत्या आणि एक जण यादीत "बंटी". एका शीटमध्ये `Yadi` नावाचा टॅब करा: A मध्ये नाव, B मध्ये फोन, C रिकामा, D मध्ये शिफ्ट. हजेरीचा फॉर्म `Hajeri` टॅबमध्ये येऊ द्या, तिथे A मध्ये वेळ, B मध्ये नाव, C मध्ये फोन. आता गंमत अशी की कुणी नंबर +91 लावून टाकतो, कुणी आधी शून्य, कुणी मध्ये स्पेस, म्हणून दोन्हीकडे शेवटचे दहा आकडे वेगळे काढायचे. `Yadi` च्या C2 मध्ये हे:

```
=RIGHT(SUBSTITUTE(B2," ",""),10)
```

`Hajeri` च्या D2 मध्ये हेच, फक्त B2 ऐवजी C2. मग `Yadi` च्या E2 मध्ये:

```
=IF(COUNTIF(Hajeri!D:D,C2)>0,"झालं","बाकी")
```

खाली ओढलं की कोण राहिलं ते दिसतं. एक खड्डा आहे मात्र, दोन बहिणींनी आईचाच नंबर दिलेला असतो, एक आली की दोघींसमोर "झालं" येतं. C कॉलममध्ये एकच नंबर दोनदा दिसला की ती नावं हाताने तपासा.

फॉर्मची लिंक दरवाजात द्यायची नाही

पहिल्या सेशनला आम्ही सुरुवातीलाच क्यूआर कोड भिंतीवर लावला. खुर्च्या मोजल्या तर ३१ माणसं, फॉर्ममध्ये ३७ नोंदी. दोघांनी दोनदा भरला होता, आणि चौघे चक्क घरी होते, मैत्रिणीने फोटो फॉरवर्ड केलेला! बरं, जे आले होते त्यातलेही काही हजेरी लावून चहाला गेले ते परत आलेच नाहीत.

तेव्हापासून कोड शेवटच्या पाच मिनिटांत, आणि फॉर्ममध्ये एक प्रश्न ज्याचं उत्तर फक्त बसलेल्यालाच माहीत, उदाहरणार्थ "हरवलेलं मूल सापडलं तर कोणत्या टेबलावर न्यायचं?" उत्तर चुकलं तर हजेरी रद्द नाही करत, पण फोन करून विचारतो. सोबत डोकी मोजतोच.

खरी किल्ली मात्र ओळखपत्र. ते ब्रीफिंग संपल्यावर हातात, ज्याचं त्याला, सही घेऊन. "तिचं पण द्या ना, मी देते तिला" याला नाही म्हणायचं, वाईट वाटलं तरी. मग त्या दिवशी ज्याच्या गळ्यात कार्ड नाही त्याचं ब्रीफिंग झालेलं नाही, शीट उघडायचीसुद्धा गरज पडत नाही.

बाकी राहिलेले

यादीत ६४ जण. पहिल्या सेशनचे ३१, दुसऱ्याचे १९, म्हणजे ३ तारखेच्या रात्री १४ बाकी. ग्रुपवर "ज्यांचं राहिलंय त्यांनी प्लीज" असं टाकलं तर अंगठे येतात, माणसं नाही. १४ फोन केले. तिघांनी नाही जमणार म्हणून सांगितलं, तिघांनी उचललाच नाही, ८ जण ४ तारखेला घाटावर आले. एकूण ५८.

आम्हाला लागत होते ५४, तीन शिफ्ट गुणिले १८. मी खूश! पण मग शिफ्टप्रमाणे मोजलं तर दुपारी २२, संध्याकाळी २२ आणि रात्री १० नंतरच्या शिफ्टला फक्त १४. म्हणून एकूण आकड्यावर कधी थांबू नका, शिफ्टनिहाय हे बघा (शिफ्टचं नाव D मध्ये जसं लिहिलंय तसंच):

```
=COUNTIFS(D:D,"रात्र",E:E,"झालं")
```

दुपारच्या जवळ राहणाऱ्या चौघांना विचारून रात्रीत हलवलं, ५ तारखेच्या सकाळी झालं ते. ज्यांनी फोन उचलला नाही ती तीन नावं त्याच संध्याकाळी ६ वाजता यादीतून काढली.

तरी त्या दिवशी कुणीतरी उगवतंच, "माझ्याऐवजी मावसभाऊ आलाय." त्याला परत पाठवायचं नाही, पण पाण्याच्या कडेला आणि रांगेच्या तोंडाशीही नाही ठेवायचं. निर्माल्याच्या टेबलावर एका कार्डवाल्याच्या शेजारी उभा करा, फुलं-पानं इकडे, प्लास्टिक आणि थर्माकोल तिकडे, एवढं पाच मिनिटांत कळतं.

आणि यादीच्या दोन प्रिंट काढून एक मांडवात, एक शिफ्टप्रमुखाकडे ठेवा, गर्दी वाढली की घाटावर नेट चालत नाही.